मदत हवी आहे: वर्षाच्या खर्चाला २५ ने गुणायचं, पण खर्च नेमका कोणता?

सुपारीफोड: वय ४२. नोकरी सोडायला किती पुंजी लागेल, ते काढतोय. वर्षाला ७ लाख २० हजार लागतात, त्यात गृहकर्जाचे हप्ते २ लाख ४० हजार. हप्ते अजून ६ वर्षं आहेत. ४ टक्क्यांच्या हिशोबानं २५ पट म्हणजे १ कोटी ८० लाख. बरोबर ना?

निवांत५१: ४ टक्के व्याज हल्ली कोण देतं? मी तर त्याहून जास्त घेतोय.

सुपारीफोड: व्याज नाही हो, पुंजीतून दरवर्षी काढायचा वाटा. १०० भागिले ४, म्हणून २५ पट.

जमाखर्च: हप्ते ६ वर्षांत संपणार, आणि तुम्ही त्यांना जन्मभराच्या खर्चासारखं २५ ने गुणलंत. त्यांचेच ६० लाख झाले! ते बाहेर काढा, कर्जाची आज शिल्लक असलेली मुद्दल वेगळी बाजूला ठेवा. उलट, गाडी बदलणं, घराची डागडुजी हे तुमच्या ७.२० मध्ये दिसत नाही. १० वर्षांनी ६ लाखांची गाडी घेणार असाल तर वर्षाला ६० हजार धरा.

सुपारीफोड: हो, ते राहिलंच. डागडुजी आणि दातांची कामं धरून अजून ६० हजार. म्हणजे ४.८० अधिक १.२०, सहा लाख. २५ पट दीड कोटी, वर मुद्दल. चला, आकडा खाली आला!

जमाखर्च: थांबा. ४ टक्क्यांचा आकडा बेंगन नावाच्या आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या आकडेवारीवरून काढला, तोही ३० वर्षांसाठी. तुम्हाला ४५ वर्षं पुरवायचंय. मी ३.५ धरेन. ६ लाख भागिले ०.०३५, साधारण १ कोटी ७१ लाख.

गणितवेडा: इतकं घाबरायचं कशाला? परतावा १०, महागाई ६, उरले ४. मुद्दलाला हातच लागत नाही.

जमाखर्च: सरासरीवर जगता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. समजा पुंजी १००. सुरुवातीलाच ४ काढले, उरले ९६. त्याच वर्षी पुंजी २५ टक्के पडली, राहिले ७२. पुढच्या वर्षी महागाई धरून ४.२४ लागतात, म्हणजे ७२ चे जवळपास ६ टक्के. नंतर बाजार वर आला तरी विकलेलं परत येत नाही. हीच पडझड विसाव्या वर्षी आली तर एवढी लागत नाही.

गणितवेडा: तेवढी दोन वर्षं खर्च कमी करायचा की.

जमाखर्च: सहलीचा होईल. किराण्याचा कसा करणार?

मावशी_बोलते: माझ्याकडे भाड्याचे वर्षाला दीड लाख येतात. ते पुंजीत धरू का?

जमाखर्च: नाही, आधी खर्चातून वजा करा, मग भागा. पण घर रिकामं राहिलेले महिने आणि कर काढून जे हातात येतं तेवढंच धरा.

सुपारीफोड: कर! काढलेल्या पैशांवरचा कर मी धरलाच नव्हता. आता परत वही काढतो. आणि साठीनंतरचा दवाखान्याचा खर्च महागाईपेक्षा वेगानं वाढला तर तो कसा धरायचा? कुणी वेगळा काढून ठेवलाय का?