दोन कॉलमचा रेझ्युमे एका कॉलममध्ये आणताना काय काय झालं? अनुभव लिहा

कंदील
अर्ज करताना रेझ्युमे अपलोड केला की पुढचा फॉर्म आपोआप भरतो ना, त्यात माझ्या 'कंपनी' या रकान्यात 'पॉवर बीआय' आलं! रेझ्युमेत डावीकडे कौशल्यं आणि उजवीकडे अनुभव आहे, डिझायनर टेम्प्लेट. आता तो मोडून साधा करायला घेतलाय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कुठे अडलं, कसं सुटलं ते लिहा. रेझ्युमे कसा असावा यावरचे सल्ले मात्र नकोत, ते पोतंभर मिळालेत.

जुनाट
पीडीएफमध्ये अमुक अक्षर पानावर अमुक जागी बसवा, एवढंच मुख्यतः लिहिलेलं असतं. इथे एक कॉलम संपतो, तिथे दुसरा सुरू होतो, हे वाचणाऱ्या प्रोग्रामला अंदाजाने ठरवावं लागतं. एका उंचीवरचं सगळं त्याने एकच ओळ मानलं की तुमचं पान असं दिसतं:

```
SKILLS       EXPERIENCE
SQL, Excel   Senior Analyst
Power BI     Mar 2021 - Jun 2024
```

पदाच्या आणि तारखेच्या आसपास जे सापडेल ते कंपनीचं नाव, असा त्याचा होरा. तिथे नेमकं पॉवर बीआय उभं होतं.

घरी तपासायचं तर पीडीएफमधून मजकूर काढणारा pdftotext हा प्रोग्राम घ्या आणि टर्मिनलमध्ये या दोन आज्ञा चालवा:

```
pdftotext -layout resume.pdf a.txt
pdftotext -raw resume.pdf b.txt
```

पहिली पानावरची मांडणी तशीच ठेवते, दुसरी फाइलमध्ये मजकूर ज्या क्रमाने साठवलाय त्या क्रमाने काढते. एका कॉलमच्या रेझ्युमेत दोन्हींचा क्रम जुळायला हवा. नाही जुळला तर कुठेतरी अजून चौकट शिल्लक आहे असं समजा.

बिनधास्त
एवढा खटाटोप कशाला? दोष पीडीएफचा आहे. वर्डची फाइल पाठवा. माझे दोन कॉलम तसेच आहेत आणि फॉर्म बरोबर भरतो.

जुनाट
बिनधास्त, तू ते Layout मधल्या Columns ने केले असणार. त्यात मजकूर फाइलमध्ये एकामागून एकच असतो, म्हणून निभावलं. त्याचीच पीडीएफ करून दिलीस तर खात्री नाही. आणि विकतची टेम्प्लेटं टेबल नाहीतर टेक्स्ट बॉक्सवर बेतलेली असतात, तिथे वर्डची फाइलही दगा देते.

ओवी
टेक्स्ट बॉक्सचा अनुभव माझा. Ctrl+A करून सगळं नव्या फाइलमध्ये Keep Text Only ने पेस्ट केलं, तर डावा कॉलम आलाच नाही. तरंगत्या बॉक्समधला मजकूर तशा पेस्टमध्ये येतच नाही. मग प्रत्येक बॉक्समध्ये शिरून कॉपी केलं. नाव आणि फोन हेडरमध्ये होते, तेही खाली मुख्य मजकुरात आणले, कारण काही प्रोग्राम हेडर वाचत नाहीत.

मैत्रिणीचा टेबलवाला होता. तिथे टेबल निवडून Convert to Text केलं. पूर्ण कॉलम एकाच सेलमध्ये असेल तर तो सलग उतरतो. पण तिच्या टेबलात प्रत्येक ओळीला वेगळा रो होता, त्यामुळे कौशल्य, नोकरी, कौशल्य, नोकरी अशी खिचडी झाली. शेवटी हातानेच लावलं. पद, कंपनी, तारीख तिन्ही वेगवेगळ्या ओळींवर ठेवले. फोनच्या चित्राच्या जागी चौकोन उमटत होता, तिथे सरळ 'फोन' लिहिलं. कौशल्याच्या त्या रंगीत पट्ट्या गेल्या, त्यात वाचण्यासारखा मजकूर नव्हताच.

मोरपंखी
माझा रेझ्युमे दोन पानांचा आहे. तो एका पानात बसवण्यासाठी अक्षरं किती लहान करावीत?

ओवी
काका, पानं नाहीत, कॉलम! दोन पानं असू द्या खुशाल.

मोरपंखी
अच्छा अच्छा. पण धागा वाचून फाइलमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहिला, तर मथळा E X P E R I E N C E असा निघाला. पानावर तर छान दिसतो.

जुनाट
मध्ये स्पेस टाइप केल्या असतील तर त्या काढा. अंतर हवंच असेल तर फॉन्टच्या कॅरेक्टर स्पेसिंगमधून द्या. तेही फार वाढवलं तर काही प्रोग्राम त्याला स्पेसच समजतात. मथळा ओळखला नाही तर खालच्या नोकऱ्या कोणत्या विभागात टाकायच्या हेच त्याला कळत नाही.

पडद्यामागून
मी भरतीचं काम करते. आमच्याकडे रेझ्युमे चुकीचा वाचला म्हणून आपोआप बाद होत नाही, मूळ फाइल उघडून बघता येते. पण मी आधी कौशल्याने शोध घेते आणि चुकीच्या रकान्यात गेलेला उमेदवार त्या यादीत येत नाही. सगळीकडे असंच असेल असं नाही.

बिनधास्त
मग सुंदरवाला माणसांना आणि साधा यंत्राला, दोन्ही ठेवायचे.

पडद्यामागून
दोन ठेवले की एकात बदल होतो, दुसऱ्यात राहून जातो. तारखा जुळत नाहीत, मग आम्ही प्रश्न विचारतो. मी एकच ठेवा म्हणेन.

कंदील
ओवीताईच्या पद्धतीने लावलं. कंपनी जागेवर आली, दोन्ही आज्ञांचा क्रमही जुळतोय. पण एकाच कंपनीत बढती मिळाली होती, ती दोन पदं एका नावाखाली लिहिलीत, तर दुसऱ्या पदाची कंपनी रिकामी येतेय. नाव दोनदा लिहावं का? ते वाचायला विचित्र दिसतं. कुणी काय केलंय?