प्रतिसाद: पोटातले ठोके आणि कंबरदुखी

"बाबा ६८ वर्षांचे, ४० वर्षं सिगरेट. आडवं पडलं की बेंबीच्या वर ठोके जाणवतात, कंबरही दुखते. गॅसच असेल ना?"

गॅस ठोके देत नाही. सडपातळ माणसाला महाधमनीचे, म्हणजे पोटातून जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे, साधे ठोकेही हाताला लागतात, हे खरंच. पण फरक ठोक्याच्या दिशेत असतो. माझ्या काकांच्या पोटावर डॉक्टरांनी दोन्ही तळवे ठोक्याच्या दोन बाजूंना ठेवले, तर प्रत्येक ठोक्याला तळवे एकमेकांपासून लांब सरकत होते. म्हणजे धमनीच फुगलेली. (घरी दाबून बघू नका.) तंबाखूच्या धुरानं धमनीच्या भिंतीतले लवचिक तंतू झिजतात, आणि ही धमनी मणक्याला टेकूनच असल्यानं दुखणं कंबरेत उमटतं.

निदान सोनोग्राफीत होतं. साधारण २ सेंमीची धमनी ३ सेंमी झाली की फुगवटा म्हणतात, पुरुषांत ५.५ सेंमीला ऑपरेशनचा विचार होतो. पण तो आकडा न दुखणाऱ्या फुगवट्यासाठी. दुखायला लागलेला फुगवटा लहान असला तरी फुटण्याच्या बेतात असू शकतो, म्हणून तपासणी आजच करा. दुखणं अचानक वाढलं, घाम फुटला, चक्कर आली तर थेट इमर्जन्सीत. तिथे 'मूतखडा असेल' म्हणाले तर ठोक्यांचं आणि सिगरेटचं आवर्जून सांगा.