बोटीच्या तिकिटामागची बारीक अक्षरं

दादा: काकूचा पाय मुरगळलाय. डॉक्टरांनी आठ-दहा दिवस पाय टेकवायचाच नाही म्हणून सांगितलंय. पुढच्या बुधवारी सकाळी 11 ची बोट आहे, चौघांचं तिकीट काढून झालंय. रद्द केलं तर किती परत मिळेल ते तिकिटामागे छापलंय, पण सगळं जर्मनमध्ये आणि मुंगीएवढ्या अक्षरात. फोटो टाकतोय, कुणीतरी बघा.

काका: मी फोनवर भाषांतर करून पाहिलं. सुटायच्या आधी पाच कामकाजाच्या दिवसांपर्यंत कळवलं तर पूर्ण पैसे परत, असं आलं. मी उलटं मोजलं: मंगळ, सोम, शुक्र, गुरु, बुध. पाच इथेच झाले. म्हणजे कालपर्यंत कळवायला हवं होतं. गेली मुदत.

दादा: पण काका, त्याच भाषांतरात खाली ‘प्रवास न केल्यास भाड्याचा परतावा’ असंही आलंय. मग आत्ता गडबड कशाला? बुधवारी जायचंच नाही, आणि नंतर पैसे मागायचे.

मी: दादा, तसं अजिबात करू नकोस, आणि काका, तुम्हीही अजून आशा सोडू नका. फोटोत दोन गोष्टी राहिल्यात. उजवी कड कापली गेलीय, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द अर्धाच दिसतोय. जर्मनमध्ये ‘होणार नाही’, ‘मिळणार नाही’ हे सांगणारा शब्द बऱ्याचदा वाक्याच्या अगदी शेवटी असतो. तोच फोटोबाहेर राहिला की उरलेलं वाक्य परतावा मिळतो असं वाचलं जातं. दुसरं म्हणजे ‘कामकाजाचे दिवस’ या शब्दाला एक तारा लावलाय. त्याची टीप कुठेतरी तळाशी असणार, ती फोटोतच नाही.

तिकीट टेबलावर सपाट ठेव. फ्लॅश बंद कर, चकचकीत कागदावर तो पांढरा डाग पाडतो. दिवा बाजूने येऊ दे, आणि एकच फोटो काढण्याऐवजी वरचा, मधला आणि खालचा भाग वेगवेगळा काढ, चारही कडा दिसतील असा. घडीची रेघ अक्षरांवरून जात असेल तर तिथला आणखी एक जवळून.

वहिनी: मी काढले, चार टाकलेत. तळाला एक ओळ आहे, ती आम्हाला कागदाची किनारच वाटली होती.

मी: वहिनी, अगदी स्वच्छ आलेत. हीच ती ओळ, ताऱ्याची टीप. त्यात लिहिलंय की कामकाजाचे दिवस म्हणजे सोमवार ते शनिवार, सणाची सुट्टी सोडून. म्हणजे शनिवार धरायचा, फक्त रविवार वगळायचा. जर्मनीत हे नेहमीचंच आहे, तिथल्या रजेच्या कायद्यातही शनिवार कामकाजाचाच दिवस मोजतात. काका, तुम्ही सोमवार ते शुक्रवार धरलेत, बहुतेक जण तसंच धरतील.

आता परत मोजू या. बोट सुटते तो बुधवार धरायचा नाही. त्याच्या मागे मंगळ एक, सोम दोन, रविवार सोडला, शनि तीन, शुक्र चार, गुरु पाच. हे पाच दिवस अख्खे मोकळे राहिले पाहिजेत, म्हणजे आपलं पत्र गुरुवार लागायच्या आत पोचायला हवं. आज बुधवार. मधे सणाची सुट्टी नाही, मी तिथलं कॅलेंडर पाहिलं. तर आज रात्री 12 पर्यंत मुदत आहे, आणि ते 12 बोट सुटते तिथल्या घड्याळाचे.

काका: म्हणजे शनिवारने वाचवलं. आणि ते न जाण्याचं कलम?

मी: कड दिसल्यावर वाक्य पूर्ण झालं: ‘प्रवास न केल्यास भाड्याचा परतावा मिळणार नाही.’ सगळ्या अटी आपल्या भाषेत अशा:

आज रात्री 12 च्या आत रद्द केलं तर भाडं पूर्ण परत, फक्त प्रक्रिया शुल्क कापणार. ते अख्ख्या बुकिंगमागे एकदाच आहे, चौघांचं चार वेळा नाही. मुदत टळली तर सुटायच्या 48 तास आधीपर्यंत निम्मं भाडं मिळेल. ही मर्यादा दिवसांत नाही, तासांत आहे, त्यामुळे ती सोमवारी सकाळी 11 ला संपते, सोमवारी रात्री नव्हे. त्यानंतर काहीच नाही. हवामानामुळे किंवा पाणी चढल्यामुळे बोट त्यांनीच रद्द केली तर पूर्ण पैसे किंवा दुसरी तारीख, निवड आपली. पण हॉटेलचा वगैरे खर्च ते भरून देणार नाहीत.

दादा: मग रद्द कशाला करायचं? तारीखच बदलून घेतो. काकू महिनाभरात हिंडायला लागेल.

मी: त्याचंही कलम आहे, मधल्या फोटोत, घडीच्या रेघेखाली. 48 तास आधीपर्यंत तारीख एकदा फुकट बदलता येते. पण त्याच्या पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे: बदललेलं तिकीट पुन्हा रद्द करता येत नाही, पुन्हा बदलताही येत नाही. म्हणजे आज तारीख बदललीस आणि काकूला त्या दिवशीही जमलं नाही तर चौघांचे पैसे बुडाले. आज रद्द केलंस तर शुल्क वजा जाता सगळं हातात येतं, आणि काकू बरी झाली की नवं तिकीट काढता येईल. पाय कधी बरा होईल हे कुणालाच सांगता येत नसताना मी तरी तारीख बदलणार नाही.

काका: पटलं. रद्दच कर रे. फोन लावून सांगून टाक.

मी: काका, फोन चालणार नाही. लेखी कळवायची अट आहे. सहीचं पत्र लागत नाही, ईमेल चालतो, पण मुदतीच्या आत *पोचला* पाहिजे. आपण कधी धाडला ते ते बघणार नाहीत. आणि दादा, पुढच्या बाजूला बोटीच्या कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘विक्री’ म्हणून दुसरंच नाव आहे, दिसतंय का?

दादा: हो, ज्या वेबसाइटवरून काढलं ती.

मी: अर्ज त्यांच्याकडेच करायचाय. एजंटाकडून घेतलेल्या तिकिटाचा परतावा जिथून घेतलं तिथूनच, आणि ज्या कार्डाने पैसे भरले त्याच कार्डावर, असं शेवटचं कलम सांगतं. बोटवाल्यांना लिहीत बसलास तर ते ईमेल पुढे पाठवतीलच असं नाही, आणि रात्रीचे 12 वाजून जातील. बोटवाल्यांना फक्त प्रत ठेव.

ईमेलात बुकिंग क्रमांक, सुटायची तारीख-वेळ, ‘चौघांचंही तिकीट रद्द करत आहे’ हे स्पष्ट वाक्य, आणि कार्डावर परतावा हवा ही मागणी. शेवटचं लिहायला विसरू नकोस, नाहीतर पुढच्या खरेदीचं व्हाउचर पाठवून मोकळे होतील. कारण द्यायची अट कुठेच नाही, काकूच्या पायाबद्दल लिहायची गरज नाही.

वहिनी: यांनी पाठवला. त्यांचं आपोआप येणारं उत्तर आलंय, ‘आपला संदेश मिळाला’. तेवढं पुरे ना?

मी: पैसे मंजूर झाले असा त्याचा अर्थ नाही, पण मुदतीच्या आत पोचल्याचा पुरावा म्हणून चांगलं आहे. त्यात वेळ दिसत असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेव. त्या वेबसाइटवर ‘माझी बुकिंग’मध्ये रद्द करायचं बटण असेल तर तेही दाबा, पण आधी त्या पानावर परताव्याची किती रक्कम दाखवतायत ती बघा. निम्मी दाखवत असतील तर थांबा, दाबू नका, ताऱ्याच्या टिपेचा फोटो जोडून त्यांना दुसरा ईमेल करू.

दादा: बटण आहे. रक्कम पूर्ण दाखवतायत, फक्त शुल्क वजा.

मी: मग दाब.