प्रतिसाद: अंगठ्याच्या नखावरची काळी रेघ

> "वडील कोल्हापुरी चपला करतात. उजव्या अंगठ्याच्या नखावर काळी उभी रेघ आलीये. हातोडी लागली असेल का?"

आधी चामड्याचा रंग नाही ना बघा. तो वरवर असतो, हलकं खरवडलं की निघतो. साकळलेलं रक्त असेल तर ते नखाबरोबर पुढं सरकतं आणि मागं स्वच्छ नख उगवतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, त्यामुळं शेजारी पट्टी ठेवून आज आणि महिन्यानं फोटो काढलात की फरक दिसेल.

रेघ मुळापासून टोकापर्यंत सलगच राहिली, तर रंग मुळातच तयार होतोय. आपल्या सावळ्या कातडीत फिकट तपकिरी रेघा बऱ्याच नखांवर असतात, त्यांचं एवढं काही नाही. पण उतारवयात एकाच नखावर नव्यानं आलेली, रुंदावणारी, मुळाशी जाड नि टोकाशी निमुळती रेघ असेल किंवा काळेपणा कडेच्या कातडीवर उतरला असेल, तर महिनाभर थांबू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेलॅनोमा हा कर्करोग असा सुरू होऊ शकतो, आणि हातोडी लागल्याचं आठवतंय म्हणून लोक तिथंच फसतात. शंका आली तर डॉक्टर नखाच्या मुळाचा तुकडा तपासायला घेतात. नुसत्या कापलेल्या नखावर भागत नाही.