टायमर वाजल्यावर काय सोडायचं?

> “तासाचा टायमर लावतो, पण तो वाजतो तेव्हा अहवाल अर्धाच असतो. मग पुढे चालूच ठेवतो.”

काय सोडायचं हे टायमर लावण्याआधीच ठरवा. माझा मासिक विक्री अहवाल पूर्वी अख्खा दिवस खायचा, आणि त्यातला बराच वेळ आलेखांचे रंग बदलण्यात जायचा. आता त्याला ९० मिनिटं देते. पहिली ४० आकडे गोळा करून ताळा जमवायला, पुढची ३५ साहेबांना निर्णयासाठी लागणारे तीन मुद्दे लिहायला, शेवटची १५ तपासणीला. आलेख वेळ उरला तरच. पंचेचाळिसाव्या मिनिटाला घड्याळ बघते. तोवर ताळा जमला नसेल तर आलेख तिथेच रद्द. तपासणीची १५ मिनिटं मात्र कमी करत नाही. वेळ संपली की आहे तसा अहवाल पाठवते.

सलग दोन महिने मुद्दे अपुरे राहिले, तर वेळच कमी दिलाय असं समजून १५ मिनिटं वाढवते, पण पुढच्या महिन्यापासून. चालू कामात वाढवली, की तुमच्यासारखंच होतं. आणि आकडे दुसऱ्या विभागाकडून यायचे असतील, तर ते हातात पडेपर्यंत टायमर सुरूच करू नका. मी आदल्या दिवशीच मागवून ठेवते.