‘नाही’ म्हणालेल्या पार्टीला कारण विचारलंत का? अनुभव सांगा

अंबडचा बॉक्सवाला
आमचं अंबडला कोरुगेटेड बॉक्सचं युनिट आहे. द्राक्षाच्या सीझनआधी पिंपळगावकडच्या एका निर्यातदाराला पाच प्लायच्या बॉक्सचं कोटेशन दिलं. सॅम्पल पास झालं आणि मग "यावेळी दुसरीकडे दिलं" एवढाच निरोप आला. आमच्या लाइनीत ऑर्डर गेली की रेटमुळेच गेली असं सगळे धरून चालतात. मी थोडे दिवस जाऊ दिले आणि हा मेल टाकला:

"नमस्कार साहेब, निर्णय कळवल्याबद्दल आभार. तो बदलावा म्हणून हे लिहीत नाही. आमच्या कोटेशनमध्ये किंवा कामात कोणती एक गोष्ट खटकली, हे ओळीभरात कळवलंत तर पुढच्या सीझनआधी सुधारता येईल. स्पष्ट लिहिलंत तरी वाईट वाटणार नाही. वेळ नसेल तर राहू द्या."

उत्तर आलं: "रेट ठीक होता. तुम्ही डिलिव्हरी ऑर्डरपासून दहा दिवस लिहिली होती. आमचा रेसिड्यू रिपोर्ट आला की लगेच तोड सुरू होते. तेव्हा पॅकहाउसला बॉक्स नसले तर मजूर बसून राहतात. समोरच्याने थोडा माल तयार ठेवतो असं लिहून दिलं."

आता कोटेशनमध्ये तयार साठ्याची वेगळी ओळ असते. पण छापलेला माल पार्टीने उचललाच नाही तर पैसा अडकतो, ते कोडं अजून आहेच. तुम्ही काय विचारलंत, काय उत्तर आलं, त्यावरून काय बदललं, ते लिहा.

सातपूर, मशीनिंग जॉबवर्क
कधी विचारता ते आधी बघा. दुसऱ्याची पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डर, निघायच्या आत विचारलं तर पर्चेसवाल्याला वाटतं हा रेट तोडायला आलाय. मग तो खरं कारण बाजूला ठेवतो आणि आपला आकडा दाखवून दुसऱ्याला खाली आणतो. पीओ गेली की तो मोकळेपणाने बोलतो.

शिवाय "रेट जास्त होता" हे सगळ्यात सोयीचं उत्तर, त्यावर कुणी वाद घालत नाही. म्हणून मी मेलमध्येच लिहितो, "रेट सोडून काही असेल तर ते आधी सांगा." एका ब्रॅकेटच्या कामात याच ओळीमुळे कळलं की अडलं होतं क्वालिटीच्या मॅडमपाशी. पार्ट ड्रॉइंगप्रमाणे होता, पण सॅम्पलसोबत इन्स्पेक्शन रिपोर्ट नव्हता, म्हणून त्यांना सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली. दुसऱ्याचा पार्ट कागदासकट आला होता.

उत्तर आल्यावर मात्र हात आवरा. "रिपोर्ट मागितला असता तर दिला असता" असं लिहिलंत की पुढच्या वेळी त्या माणसाकडून खरं ऐकायला मिळत नाही. "कळलं, आभारी आहे", बस.

कॉलेज रोड, वेबसाइट करते
मेलची भानगडच कशाला? सरळ फोन लावायचा. माणूस फोनवर जास्त बोलतो आणि आवाजावरून खरंखोटं कळतं.

सातपूर, मशीनिंग जॉबवर्क
ताई, जास्त बोलतो हे खरं. पण अचानक फोन आल्यावर तोंडावर वाईट कोण सांगणार? "बजेट नव्हतं" म्हणून सुटका करून घेतात. मेलचं उत्तर तो आतल्या माणसांना विचारून देऊ शकतो. ते आलं की एखाद्या मुद्द्यावर फोन करू का, असं मी विचारतो.

इंदिरानगरचे काका
माझ्या मुलाने मुलाखतीत नकार आल्यावर असाच मेल केला होता. "इतर उमेदवार अधिक योग्य वाटले" असं ठरीव उत्तर आलं. मग विचारून उपयोग काय?

अंबडचा बॉक्सवाला
काका, विषय ऑर्डरचा आहे, पण तुमचा मुद्दा आमच्याकडेही लागू पडतो. मोठ्या कंपन्यांचा पर्चेस विभाग बऱ्याचदा असंच ठरीव उत्तर देतो. तिथे मी पुन्हा विचारत नाही. छोट्या मालकाकडून खरं कळण्याची शक्यता जास्त.

पंचवटी, केटरिंग
आमच्याकडे मेल कुणी बघत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरच विचारते. एका लग्नघराने कळवलं, "चव आवडली, पण ठरल्यापेक्षा जास्त ताटं झाली तर काय रेट लावणार ते तुमच्या कागदावर नव्हतं. आम्हाला धास्ती वाटली." ते मी त्याच दिवशी कागदावर घातलं, कारण हाच प्रश्न इतर घरांतूनही आधी आला होता. दुसऱ्या एकांनी लिहिलं, मेन्यू फार साधा आहे. ती तक्रार पुन्हा कुणाकडून आली नाही, म्हणून मेन्यूला हात लावला नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. बोलणी मुलीच्या वडिलांशी होतात, उत्तरही तेच देतात, पण नाही म्हणणारी बहुतेक वेळा आत्या किंवा मोठी काकू असते. वडिलांना खरं कारण ठाऊकच नसतं. "घरात आणखी कुणाला काय वाटलं?" असं विचारलं तर खोदून विचारल्यासारखं होतं. कुणी यातून वाट काढली असेल तर शब्द कसे वापरलेत ते सांगा.