मदत हवी आहे: ईसी लेटरमधल्या अटींवरून साइटची चेकलिस्ट कशी काढायची?

मृण्मयी_प

गृहप्रकल्प आहे. बांधकाम क्षेत्र ८६,००० चौ.मी., भूखंड २४,००० चौ.मी. २००६ च्या ईआयए अधिसूचनेतल्या ८(अ) खाली राज्य प्राधिकरणाकडून ईसी, म्हणजे पर्यावरण मंजुरी, मिळालेली आहे. सध्या दोन टॉवरचं खोदकाम चालू आहे आणि एकाचा प्लिंथ झालाय.

हातात आलेली शीट म्हणजे अख्खं लेटर एक्सेलमध्ये चिकटवलेलं आणि प्रत्येक अटीसमोर "मान्य, पालन केले जाईल". १ डिसेंबरचा सहामाही अहवाल द्यायचाय आणि साइटवर कोणी काय करायचं हे या शीटवरून काहीच कळत नाही. दोन ठिकाणी अडलेय.

एक, एका अटीची एकच ओळ ठेवायची की फोडायची? दोन, जिथे किती वेळा करायचं ते लिहिलेलंच नाही तिथे काय भरायचं? उदाहरणार्थ हवेची अट. मराठीत सांगायचं तर, "बांधकामाच्या काळात पीएम १०, पीएम २.५ यांसारख्या प्रमुख प्रदूषकांसाठी, वाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या दिशेला, सभोवतालच्या हवेची तपासणी करणारी यंत्रणा प्रकल्प प्रवर्तकाने बसवावी." बस, एवढंच. महिन्याला? तिमाहीला?

चालेल_की

अहवाल सहामाही आहे, म्हणजे तपासणीपण सहा महिन्यांतून एकदा केली की भागतं. लॅबला नोव्हेंबरमध्ये बोलवा, रिपोर्ट जोडा. बाकी अटींचे तीन गट करा: काम सुरू होण्याआधी, बांधकाम चालू असताना, ताबा दिल्यानंतर. इतकं पुरतं.

खडीमशीन

तीन गटांचं बरोबर आहे, ते ठेवाच. पण अहवाल कधी द्यायचा आणि मोजायचं कधी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ डिसेंबरच्या अहवालात एप्रिल ते सप्टेंबरचा काळ धरतात आणि १ जूनच्या अहवालात ऑक्टोबर ते मार्चचा. नोव्हेंबरात घेतलेला एकमेव नमुना त्या काळात बसतच नाही. तपासणीला आलेला माणूस आधी नमुन्याची तारीख बघतो, मग आकडा.

मृण्मयी, तुमच्या अटीत पाच कामं दडलेली आहेत. यंत्रणा बसवायची. ठरलेले घटक मोजायचे. दोन दिशांना मोजायचं. बांधकाम संपेपर्यंत मोजत राहायचं. आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर काहीतरी करायचं. हे शेवटचं अटीत लिहिलेलं नाही, पण मोजण्याचा उद्देशच तो आहे. एकच ओळ ठेवली तर यंत्र बसवलं की ती हिरवी होते आणि पुढची तीन वर्षं तिच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून ज्याची तारीख, माणूस किंवा पुरावा वेगळा, त्याची ओळ वेगळी. हे तिन्ही सारखे असतील तर फोडू नका, नाहीतर शीट चारशे ओळींची होईल आणि कोणी उघडणार नाही.

वारंवारता नसेल तर ती तीन ठिकाणी शोधायची: ईआयए म्हणजे पर्यावरण परिणामांचा अहवाल किंवा ईएमपी म्हणजे पर्यावरण व्यवस्थापन आराखडा यातला देखरेखीचा तक्ता, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या म्हणजे एमपीसीबीच्या कन्सेंट टू एस्टॅब्लिशमधल्या अटी, आणि समितीपुढच्या सादरीकरणात दिलेली आश्वासनं, जी इतिवृत्तात येतात. लेटरच्या शेवटी शेवटी एक साधी दिसणारी अट असते की ईआयए/ईएमपीतल्या आणि सादरीकरणातल्या बांधिलकी पाळाव्यात. तिच्यामुळे ती सगळी कागदपत्रं लेटरचाच भाग होतात. ती अट "सामान्य" म्हणून ओलांडली की निम्म्या अटी शीटबाहेर राहतात.

आणि क्रमांकाचं बघा. लेटरमध्ये प्रत्येक उपशीर्षकाखाली आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे "अट ४" एकाच लेटरमध्ये सात-आठ वेळा येते. भाग, शीर्षक आणि क्रमांक मिळून ओळख द्या आणि फोडलेल्या कामाला पुढे अक्षर लावा. तुमच्या अटीच्या ओळी साधारण अशा होतील (क्रमांक तुमच्या लेटरचे टाका):

```
सा-हवा-४-क | यंत्रं बसवणे | एकदाच | पुरावा: नकाशावर जागा, तारखेचा फोटो
सा-हवा-४-ख | पीएम १०, पीएम २.५, २४ तास | ईएमपी व कन्सेंट पाहून | लॅब रिपोर्ट
सा-हवा-४-ग | वरची/खालची जागा ऋतूनुसार तपासणे | पावसाळ्याआधी व नंतर | वाऱ्याची नोंद
सा-हवा-४-घ | मर्यादा ओलांडल्यास कारण व उपाय | घटना घडल्यावर | नोंदवही
```

मूळ अटीचा मजकूर शब्दशः एका स्तंभात राहू द्या. सोप्या भाषेतलं काम वेगळ्या स्तंभात. मूळ पुसून स्वतःचं लिहिलंत तर अर्थ हळूच बदलतो आणि नंतर कुणाला कळत नाही.

रेती_आणि_राडा

आमच्या दगडखाणीच्या लेटरमध्ये वाहतुकीच्या रस्त्यावर पाणी मारायची अट आहे. टँकरच्या फेऱ्यांचं लॉगबुक दाखवतो, आजवर कुणी काही बोललं नाही. तुम्ही एवढं कशाला फोडताय? आणि ईसीची मुदत वाढवायची असेल तर चेकलिस्टपेक्षा परिवेश पोर्टलवर अर्ज लवकर टाका.

मृण्मयी_प

@रेती_आणि_राडा, मुदतवाढीचा विषय नाहीये हो. नवीन लेटर आहे.

@खडीमशीन, धन्यवाद सर. ईएमपी काढून बघितला. त्यात हवेची तपासणी महिन्याला लिहिलीय आणि कन्सेंटमध्ये तिमाहीला. कुठली धरू?

खडीमशीन

कडक ती, म्हणजे महिन्याची. पण "स्रोत" स्तंभात दोन्ही लिहा, पान क्रमांकासकट. उद्या कोणी विचारलं की महिन्याचं कुठून आलं, तर उत्तर शीटमध्येच हवं. ईएमपीतलं वचन जड वाटत असेल तर रीतसर दुरुस्ती मागायची. शीटमध्ये गुपचूप तिमाही करायची नाही.

नमुनेवाला

लॅबच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण रिपोर्ट इथेच बाद होतात.

पहिली, पीएम १० ची १०० आणि पीएम २.५ ची ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. यंत्र आठ तास चालवून तो आकडा १०० शी ताडून पाहिलेले रिपोर्ट सर्रास दिसतात. सुरू आणि बंद केल्याची वेळ रिपोर्टवर असतेच, ती बघा. ऑर्डर देतानाच २४ तास लिहून द्या. आणि लॅब एनएबीएल मान्यताप्राप्त किंवा पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मान्य आहे ना, तेही बघा. मान्यतेच्या यादीत तुमचा घटक आहे का आणि मुदत चालू आहे का, इथपर्यंत.

दुसरी, वाऱ्याची दिशा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून असतो आणि हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी ईशान्य-पूर्वेकडून. जूनमध्ये नैर्ऋत्य कोपऱ्यात ठेवलेलं "वरच्या बाजूचं" यंत्र डिसेंबरात खालच्या बाजूला जातं, पण रिपोर्टवरचं नाव तेच राहतं. हे ओळखायला सोपं आहे. वरच्या बाजूला ८२ आणि खालच्या बाजूला १३७ आले, तर साधारण ५५ साइटची भर, आणि खोदकामाच्या जागी हे पटण्यासारखं आहे. उलट वर ११८ आणि खाली ९६ आले, तर एकतर जागा उलट्या झाल्यात किंवा वरच्या यंत्राशेजारी रस्ता किंवा डिझेल जनरेटर आहे. असा रिपोर्ट तसाच जोडू नका. नमुन्याच्या दिवशीची वाऱ्याची दिशा त्यावर लिहून घ्या.

चालेल_की

बरं, नमुन्याचं मान्य. पण "मान्य, पालन केले जाईल" लिहायला काय हरकत? सगळेच लिहितात.

खडीमशीन

ज्या अटीची वेळ अजून आलेली नाही तिथे चालतं, पण कधी लागू होणार ते लिहून: "एसटीपी, पहिल्या भोगवटा प्रमाणपत्राआधी". वेळ येऊन गेलेल्या अटीसमोर तेच लिहिलं तर अपूर्ण पालन म्हणून नोंद होते. साइटभोवती किमान तीन मीटरची धूळरोधक भिंत काम सुरू होण्याआधी हवी होती आणि तुमचा प्लिंथ झालाय. तिथे "केले जाईल" म्हणजे आपणच लिहून दिलं की केलेलं नाही. पुढे विस्ताराची ईसी मागायची झाली की प्रादेशिक कार्यालयाचा प्रमाणित पालन अहवाल लागतो, तेव्हा हे सगळं वर येतं.

तारखांमध्ये एक नेहमीचा घोळ सांगून ठेवतो. लेटरमध्ये "३१ मार्चला संपणाऱ्या आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरण, फॉर्म ५" असं असतं. शीटमध्ये लोक ३१ मार्च हीच अंतिम तारीख टाकतात. ३१ मार्च ही वर्षाची अखेर आहे. विवरण एमपीसीबीला ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं.

परत परत येणाऱ्या कामांना पुढची तारीख हाताने टाकू नका. शेवटची तारीख H मध्ये आणि महिन्यांचं अंतर G मध्ये असेल तर:

```
=IF(H2="","बाकी",EDATE(H2,G2))
```

सचिव_बी_विंग

आमच्या सोसायटीला विकासकाने एसटीपी सोपवला, ईसीची प्रत दिलीच नाही. आता तपासणीची नोटीस आली तर जबाबदार कोण? चेकलिस्ट आम्ही करायची का?

नमुनेवाला

ईसी ज्याच्या नावावर, त्याला आधी विचारतात. रीतसर हस्तांतरण झालंय का ते बघा. लेटर परिवेशवर मिळू शकेल, तिथे शोधा. वापरकाळातल्या अटी काढून एसटीपीच्या लॉगबुकपासून सुरुवात करा. नोटिशीत कोण सापडेल हे मात्र हस्तांतरणाचे कागद बघितल्याशिवाय सांगणं कठीण.

मृण्मयी_प

झाडांवर अडले. एक अट दर ८० चौ.मी. जमिनीला एक झाड, म्हणजे २४,००० भागिले ८० = ३००. आधीची झाडं यात धरायची असं लिहिलंय. साइटवर ४२ राहिली, म्हणजे २५८ नवीन. दुसरी अट तोडलेल्या एका झाडामागे दहा. सहा तोडली, म्हणजे ६०. ही ६० त्या २५८ मध्ये धरायची का?

चालेल_की

धरा की. झाड ते झाड.

खडीमशीन

मी नाही धरणार. दोन अटी, दोन हेतू, म्हणून दोन ओळी आणि ३१८ चं लक्ष्य. शिवाय वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीत वेगळा आकडा असेल तर ती तिसरी ओळ. भरपाईची झाडं तोडलेल्या प्रजातीचीच मागितली असतील तर एकत्र मोजणं आणखी अवघड होतं.

नमुनेवाला

३१८ ला जागा आहे का? सलग हिरवा पट्टा, पोडियम आणि अग्निशमनाचा रस्ता वजा करून बघा. पोडियमवरच्या कुंड्या मोजायच्या की नाही यावर मी दोन्ही मतं ऐकलीत.

मृण्मयी_प

पोडियम वगळून ३१८ बसत नाहीत, आत्ताच आराखडा बघितला. दोन ओळी वेगळ्या ठेवतेय, आणि ६० झाडं त्याच भूखंडावर हवीत की बाहेर चालतील हे प्राधिकरणाला लेखी विचारतेय. उत्तर येईपर्यंत त्या ओळीची स्थिती "स्पष्टीकरण मागवले", समोर पत्राची तारीख.